नेत्रदानाच्या ट्रायफोल्ड पत्रकाची छपाईपूर्व तपासणी: पॅनेलांचा क्रम, फ्लॅपवर काय असावे आणि घडीवरून जाणारा मजकूर

सुलभा_नाशिक

आमच्या लहानशा संस्थेतर्फे राष्ट्रीय नेत्रदान पंधरवड्यात, म्हणजे २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात, वाटण्यासाठी एक पत्रक तयार होत आहे. आडवा ए-फोर कागद, १३० जीएसएमचा चकचकीत आर्ट पेपर, दोन घड्या, दोन्ही बाजूंना रंगीत छपाई आणि दोन हजार प्रती असे ठरले आहे. डीटीपी करणाऱ्या मुलाने दोन पानांची पीडीएफ पाठवली असून चार दिवसांत मला ती मंजूर करायची आहे.

पहिल्या पानावर डावीकडून मुखपृष्ठ, मध्ये संस्थेचा पत्ता व दूरध्वनी आणि उजवीकडे नेत्रदानाचे संकल्पपत्र आहे. हे संकल्पपत्र भरून, फाडून आमच्याकडे द्यायचे आहे. दुसऱ्या पानावर डावीकडे लोकांचे गैरसमज, मध्ये नेत्रदान कोण करू शकतो याची माहिती आणि उजवीकडे मृत्यूनंतर घरच्यांनी काय करावे याच्या सूचना आहेत. या तिन्हींच्या वर, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, मोठ्या अक्षरांत एका ओळीचे शीर्षक आहे: "नेत्रदानाने चेहरा विद्रूप होतो हा समज आता सोडून द्या".

पडद्यावर हे सगळे मला फार नीटनेटके दिसते, तरीही घडी घातल्यावर काय होईल याचा अंदाज येत नाही. क्रम बरोबर आहे का, आत वळणाऱ्या फ्लॅपवर संकल्पपत्र असणे योग्य आहे का आणि शीर्षक घड्यांवरून असे नेता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रानवाटा

सुलभाताई, तुम्ही दिलेली मांडणी मी ढोबळमानाने तयार करून घरच्या प्रिंटरवर पाठपोट छापून पाहिली, तेव्हा दुसरी बाजू चक्क उलटी, डोके खाली आणि पाय वर अशी आली. त्यामुळे मुख्य चूक तीच असावी असे मला वाटते. डीटीपीवाल्याला दुसरे पान १८० अंशांत फिरवून द्यायला सांगा.

छापखाना_७१

रानवाटा यांनी कागदावर छापून पाहिले हे उत्तम केले, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पाळू नये. आडव्या पानाची पाठपोट छपाई करताना प्रिंटरच्या चौकटीत `Flip on short edge` निवडावे लागते. तेथे `Flip on long edge` राहिले, तर फाइल निर्दोष असूनही मागची बाजू उलटी येते. छापखान्याकडे दोन्ही पाने सरळ, डोके वर असलेलीच द्यायची असतात. घरच्या प्रिंटरची खोड दुरुस्त करण्यासाठी फाइलमधील पान फिरवले, तर दोन हजार प्रती खरोखरच उलट्या होतील.

फाइलमधील खरा दोष पहिल्या पानाच्या क्रमात आहे. सुलभाताई, पहिले पान तुमच्याकडे तोंड करून धरा आणि मुखपृष्ठ वर येईल अशी घडी घाला. उजवीकडचे संकल्पपत्र मागे वळून आत जाईल, नंतर मुखपृष्ठ आणि पत्ता यांच्यामधली घडी पडेल, आणि ती घडी मुखपृष्ठाच्या उजव्या कडेला असेल. म्हणजे पत्रक उघडताना वाचकाला डावी कड धरून पान उजवीकडे फिरवावे लागेल. मराठी वाचकाचा हात पुस्तक उघडताना नेमका याच्या उलट चालतो.

बाहेरच्या बाजूचा क्रम डावीकडून आत वळणारा फ्लॅप, मग पाठ आणि सर्वांत उजवीकडे मुखपृष्ठ असा हवा. पीडीएफमध्ये मुखपृष्ठ शेवटी दिसते म्हणून पुष्कळ जणांना हा क्रम चुकीचा वाटतो आणि ते मुखपृष्ठ "पहिले" आणायला सांगतात. बहुधा तुमच्याकडेही तसेच झाले असावे.

मोसमकाठ

वरील मुद्द्याला माझ्या अनुभवातून दुजोरा देतो. मालेगावात आम्ही लसीकरणाचे एकच पत्रक मराठीत आणि उर्दूत काढले होते. प्रथम मराठीचे तयार झाले, आणि नंतर त्याच फाइलमध्ये मजकूर बदलून उर्दूचे केले. मराठी प्रत नीट उघडत होती, पण उर्दू वाचकांच्या हाती जे आले त्याचे मुखपृष्ठ त्यांच्या दृष्टीने पाठीमागे होते. लोक पत्ता असलेल्या बाजूकडून सुरुवात करत आणि थेट शेवटच्या मजकुरावर पोहोचत. दुसऱ्या वेळी आम्ही बाहेरचा क्रम उलटवून मुखपृष्ठ डावीकडे घेतले आणि आतल्या पॅनेलांचा क्रमही उजवीकडून डावीकडे लावला. म्हणजे सुलभाताईंच्या पहिल्या पानाचा क्रम उर्दू पत्रकासाठी योग्यच ठरला असता.

सुलभा_नाशिक

मन:पूर्वक आभार. मुखपृष्ठ आणि संकल्पपत्र यांची अदलाबदल करून घेतली, साध्या कागदावर छापले आणि घडी घातली. आता पत्रक पुस्तकासारखे उघडते.

पण त्यानंतर जे झाले ते सांगणे आवश्यक वाटते. ती घडी घातलेली प्रत मी काहीही न सांगता सासूबाईंच्या हाती दिली. त्यांनी मुखपृष्ठ उघडले आणि समोर आलेली पहिली ओळ मोठ्याने वाचली: "नेत्रदानाने चेहरा विद्रूप होतो." मग त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, मग हे वाटता कशाला?" शीर्षकाचा उरलेला भाग फ्लॅपखाली झाकलेला होता, आणि फ्लॅपवर त्यांना फक्त "माझा संकल्प" एवढे शब्द दिसत होते. पडद्यावर ही फाइल मी निदान वीस वेळा पाहिली असेल, पण हे मला एकदाही दिसले नाही.

छापखाना_७१

सासूबाईंनी जी तपासणी केली ती आम्ही छापखान्यात क्वचितच करतो, कारण आमच्यासमोर कागद नेहमी सपाट पसरलेला असतो.

वाचकाला हे पत्रक चार वेगवेगळ्या अवस्थांत दिसते. प्रथम बंद असताना फक्त मुखपृष्ठ दिसते. ते उघडले की डावीकडे आतले पहिले पॅनेल आणि उजवीकडे फ्लॅपची बाहेरची बाजू एकमेकांशेजारी येतात, आणि वाचकाच्या दृष्टीने ते एक जोडपान असते. फ्लॅप उघडल्यावर तिन्ही आतली पॅनेले एकत्र दिसतात आणि शेवटी पालथे केल्यावर पाठ दिसते. पीडीएफमध्ये यांपैकी दुसरी अवस्था कोठेच नसते, कारण ज्या दोन पॅनेलांचे ते जोडपान बनते ती फाइलच्या दोन निरनिराळ्या पानांवर असतात. त्यामुळे ती केवळ घडी घातलेल्या डमीतच तपासता येते.

आपल्या भाषेत हा धोका अधिक आहे, असे माझे मत आहे. मराठी वाक्यात नकार किंवा "हा समज चुकीचा आहे" अशी कलाटणी शेवटी येते. वाक्य तीन पॅनेलांवर पसरले की विधान पहिल्या पॅनेलवर पडते आणि त्याचे खंडन पुढच्या पॅनेलांवर जाते. तुमच्या बाबतीत पहिली घडी नेमकी "होतो" या शब्दानंतर पडली, आणि जो गैरसमज दूर करण्यासाठी पत्रक काढले तोच पूर्ण वाक्यात, सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला गेला. घडी शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाडली म्हणजे काम झाले, असे सामान्यतः समजतात. येथे ती मोकळ्या जागेतच पडली होती, आणि म्हणूनच अर्धे वाक्य इतके निर्दोष वाटले.

यासाठी मी एकच कसोटी लावतो. घडीवरून जाणाऱ्या प्रत्येक ओळीचा डावा तुकडा फ्लॅपवरील मजकुराला जोडून मोठ्याने वाचावा. त्यातून चुकीचा किंवा वेगळाच अर्थ निघत असेल, तर ओळ हलवण्यापेक्षा वाक्य बदलावे. "नेत्रदानानंतर चेहरा पूर्वीसारखाच दिसतो" हे होकारार्थी वाक्य पहिल्या पॅनेलवरच दोन ओळींत बसेल आणि कोणत्याही अवस्थेत त्याचा अर्थ पालटणार नाही.

अक्षरवेडा

वाक्य बदलण्याच्या सूचनेशी मी सहमत आहे. मात्र देवनागरी मजकूर घडीवरून नेऊच नये, याचे आणखी एक कारण आहे. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. त्यामुळे घडीच्या दोन्ही बाजूंची शिरोरेषा वरखाली सरकते आणि शब्द तुटलेला दिसतो. शिवाय मापेही पाहावीत. तिन्ही पॅनेले ९९ मिलिमीटरची समान ठेवली, तर आत वळणारा फ्लॅप दुसऱ्या घडीला टेकून फुगतो. म्हणून दोन्ही पानांवर डावीकडून ९७, १०० आणि १०० अशी विभागणी करावी.

छापखाना_७१

अक्षरवेडा, फ्लॅप अरुंद हवा हे अगदी बरोबर आहे, पण बाकीच्या दोन गोष्टींत दुरुस्ती सुचवतो.

दोन स्वतंत्र कागद शेजारी येतात, जसे मासिकाच्या जोडपानावर येतात, तेव्हा शिरोरेषा वरखाली होते. येथे कागद एकच असल्याने रेषा सरकण्याचे कारण नाही. अडचण निराळी आहे. घडीवर आर्ट पेपरचा लेप फुटतो आणि गडद शाईतून कागदाचा पांढरा तंतू दिसू लागतो. शिरोरेषा ही अखंड गडद पट्टी असल्यामुळे त्या जागी ती तुटल्यासारखी दिसते. सुलभाताईंच्या शीर्षकात दुसरी घडी "सोडून" मधील "डू" वरून जात असेल, तर तेथे हे नक्की होईल. त्यातच घडी घालणाऱ्या यंत्रात सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडू शकतो, म्हणून काही प्रतींत घडी अक्षरावर आणि काहींत अक्षराच्या बाजूला पडेल.

मापांविषयी सांगायचे, तर ९७, १०० आणि १०० हा डावीकडून क्रम फक्त बाहेरच्या पानासाठी खरा आहे. कागद पालथा केला की फ्लॅप उजवीकडे जातो, म्हणून आतल्या पानावर तो १००, १०० आणि ९७ असा होतो. बाहेरच्या पानावर घड्या डाव्या कडेपासून ९७ आणि १९७ मिलिमीटरवर येतात, तर आतल्या पानावर १०० आणि २०० वर. एका पानाच्या मार्गदर्शक रेघा जशाच्या तशा दुसऱ्या पानावर चिकटवल्या, तर आतली प्रत्येक रेघ घडीपासून ३ मिलिमीटर दूर राहील.

सुलभाताई, तुमच्या फाइलमध्ये रेघा कोठे आहेत हे कृपया पाहून सांगावे.

सुलभा_नाशिक

दोन्ही पानांवर रेघा ९९ आणि १९८ वर आहेत. मुखपृष्ठाची पार्श्वभूमी गडद निळी असून पाठ पांढरी आहे. संकल्पपत्राला फिकट पिवळा रंग दिला आहे.

छापखाना_७१

मग परिणाम आधीच सांगता येतो. छापखान्याने फ्लॅप बसावा म्हणून बाहेरून ९७ आणि १९७ वर घडी घातली, तर तुमचा पिवळा रंग फ्लॅपवरून २ मिलिमीटर पाठीवर उतरेल आणि पाठीचा १ मिलिमीटर पांढरा पट्टा निळ्या मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला दिसेल. निळ्यावर पांढरा पट्टा लगेच डोळ्यांत भरतो. छापखान्याने ९९ वरच घडी घातली, तर रंग जागेवर राहतील, पण फ्लॅप आत अडकून पत्रक फुगेल. रेघा दुरुस्त केल्यानंतरही तो १ मिलिमीटरचा फरक उरतोच. त्यामुळे शक्य असेल तर पाठही निळीच ठेवावी, किंवा रंगांची सीमा घडीवर न आणता मुखपृष्ठाच्या कडेला थोडा पांढरा समास सोडावा.

निवृत्त_शिक्षिका

मी नेत्रदानाच्या कामात बरीच वर्षे घरोघर जाते, त्यामुळे मापांपेक्षा मजकुराविषयी बोलते. संकल्पपत्र फाडून द्यायचे असेल, तर त्याच्या पाठीशी काय छापले आहे, हे कोणी पाहिले आहे का?

सुलभाताईंनी मुखपृष्ठ आणि संकल्पपत्र यांची अदलाबदल केली, तेव्हा संकल्पपत्र डावीकडच्या फ्लॅपवर आले. त्या फ्लॅपची आतली बाजू म्हणजे आतल्या पानाचे उजवे पॅनेल होय, आणि तेथे मृत्यूनंतर घरच्यांनी काय करावे याच्या सूचना आहेत. म्हणजे जो मनुष्य मनापासून संकल्प करून अर्ज फाडून देईल, त्याच्याच घरातून या सूचना निघून जातील. अर्ज न भरणाऱ्याच्या घरी मात्र त्या राहतील.

हे मला फार गंभीर वाटते. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. घरात मृत्यू झालेला असताना पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करायचे आणि नेत्रपेढीला ताबडतोब कळवायचे, हे सर्व आठवण्याच्या मन:स्थितीत कोणी नसते. संकल्पपत्र भरलेले असले, तरी त्या वेळी नातेवाइकांची संमती लागतेच, आणि संकल्पपत्र नसले, तरी नातेवाईक नेत्रदान करू शकतात. त्यामुळे घरात उरणाऱ्या भागावर या सूचना असणे हे अर्जापेक्षाही महत्त्वाचे आहे.

माझे मत असे, की फ्लॅपवर अर्ज ठेवूच नये. मुखपृष्ठ उघडताच जे दिसते त्या जागी या चार सूचना आणि नेत्रपेढीचा क्रमांक द्यावा, आणि अर्ज वेगळ्या कागदावर छापावा.

सुलभा_नाशिक

बाई, तुम्ही हे दाखवून दिले नसते, तर आम्ही दोन हजार घरांत तसेच पत्रक दिले असते. पहिल्या मांडणीत अर्जाच्या पाठीशी गैरसमजांचे पॅनेल होते, हे आता डमी पालथी करून पाहिले. क्रम दुरुस्त करताना अर्जाची जागा बदलली आणि त्याच्यासोबत फाडले जाणारे पानही बदलले, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

अर्ज वेगळा छापण्याचा खर्च मात्र आम्हाला जड जाईल. अर्ज फ्लॅपवर ठेवून सूचना आतल्या मधल्या पॅनेलवर नेल्या आणि "कोण करू शकतो" ही माहिती उजवीकडे, अर्जाच्या पाठीशी आणली तर चालेल का? फ्लॅप फाडल्यावर चार पानांची छोटी पुस्तिका उरेल आणि तिच्यात सूचना व दूरध्वनी दोन्ही राहतील.

सागरवेळ

एवढा सगळा प्रश्न आत वळणाऱ्या फ्लॅपमुळेच निर्माण होतो, तर पंख्यासारखी उलटसुलट, म्हणजे झेड घडी का घेऊ नये? तिन्ही पॅनेले ९९ मिलिमीटरची समान राहतात, आत काही अडकत नाही आणि वाचक डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचत जातो. आमच्या होमस्टेचे पत्रक आम्ही तसेच केले आहे आणि पाहुण्यांना ते सोयीचे वाटते.

छापखाना_७१

झेड घडी हा विचारात घेण्यासारखा पर्याय आहे, पण केवळ छापखान्याला "झेड घाला" असे सांगून भागणार नाही, क्रमही बदलावा लागेल. सध्याच्या फाइलला झेड घडी घातली, तर मुखपृष्ठ जागेवरच राहील. मात्र बंद पत्रकाची पाठ म्हणून आतल्या पानाचे उजवे पॅनेल बाहेर येईल आणि पत्ता घडीच्या आत दडेल. म्हणून झेड घडीत पाठीचा मजकूर आतल्या पानाच्या उजव्या पॅनेलवर द्यावा लागतो. शिवाय मुखपृष्ठ उघडताच आतली पहिली दोन पॅनेले दिसतात आणि तिसरे मागे राहते. तेथेही सुलभाताईंच्या जुन्या शीर्षकाचा शेवट, म्हणजे "सोडून द्या", वाचकाला दिसला नसता.

सुलभाताईंच्या शेवटच्या प्रश्नाविषयी: सूचना मधल्या पॅनेलवर नेणे सुरक्षित आहे. मात्र फाडण्याची छिद्ररेघ नेमकी घडीवर मारू नये. माझ्या अनुभवात तशा प्रतींचे फ्लॅप घडी घालतानाच सुटू लागतात. ती घडीपासून काही मिलिमीटर फ्लॅपच्या आत घ्यावी आणि त्या पट्टीत दोन्ही बाजूंना काहीही छापू नये.

निवृत्त_शिक्षिका

मधल्या पॅनेलवर सूचना राहतील यात मला समाधान आहे, तरीही माझे मत पूर्ण बदललेले नाही. मधले पॅनेल फ्लॅप उघडल्याशिवाय दिसत नाही. अर्ज न फाडलेल्या घरात, रडारडीच्या वेळी, कोणी तरी हे पत्रक कपाटातून काढील तेव्हा त्याला मुखपृष्ठ उघडताच सूचना दिसाव्यात, अर्ज नव्हे. निदान नेत्रपेढीचा क्रमांक आणि "सहा तासांच्या आत कळवा" एवढे तरी पाठीवर, पत्त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत असावे.

अक्षरवेडा

मापांची चूक मान्य आहे. मी स्वतःच्या जुन्या फायली उघडून पाहिल्या, तेव्हा दोन फायलींत दोन्ही पानांवर एकाच क्रमाच्या रेघा निघाल्या. बाईंच्या मताच्या विरुद्ध मात्र एक शंका मांडतो. पाठीवर मृत्यूचा उल्लेख मोठ्या अक्षरांत दिला, तर अनेक जण पत्रक घरात ठेवणारच नाहीत. आमच्याकडील वडीलधारी माणसे तरी नक्की ठेवणार नाहीत.

निवृत्त_शिक्षिका

तुमची शंका खरी आहे, मलाही काही घरांत तसा अनुभव आला आहे. पण क्रमांक आत लपवून ठेवण्याने तो अनुभव टळत नाही, फक्त क्रमांक सापडत नाही.

सुलभा_नाशिक

आजपर्यंतचा बदल असा. बाहेरच्या पानावर डावीकडून संकल्पपत्र, पाठ आणि मुखपृष्ठ असून घड्या ९७ आणि १९७ वर आहेत. पाठही आता निळी केली आहे आणि तिच्यावर नेत्रपेढीचा क्रमांक पत्त्याच्या वर आणला आहे. आतल्या पानावर गैरसमज, सूचना आणि "कोण करू शकतो" हा क्रम असून घड्या १०० आणि २०० वर आहेत. तिन्ही पॅनेलांवरचे शीर्षक काढून टाकले असून "नेत्रदानानंतर चेहरा पूर्वीसारखाच दिसतो" हे वाक्य पहिल्या पॅनेलवरच आहे. सासूबाईंनी नवी डमी उघडून ते फ्लॅपवरच्या शब्दांसह वाचले: "नेत्रदानानंतर चेहरा पूर्वीसारखाच दिसतो. माझा संकल्प." या वेळी त्या थांबल्या नाहीत.

"सहा तासांच्या आत" हे शब्द पाठीवर द्यायचे की आतच ठेवायचे, याचा निर्णय उद्या संस्थेच्या बैठकीत होईल.

मोसमकाठ

बैठकीत कागदाचाही विषय अवश्य काढा. चकचकीत आर्ट पेपरवर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही. आमच्या लसीकरणाच्या पत्रकावरील नोंदणीचा भाग लोकांनी भरताच हाताने पुसला जात होता आणि दूरध्वनी क्रमांक वाचता येत नव्हते. संकल्पपत्र फ्लॅपवरच राहणार असेल, तर बिनचकचकीत मॅपलिथो कागदावर एक नमुना छापून घ्या आणि त्यावर स्वतः लिहून पाहा.

छापखाना_७१

मॅपलिथोवर गडद निळा रंग थोडा मळकट उतरेल, हे नमुना पाहताना लक्षात असू द्यावे. मात्र त्यावर लेप नसल्याने घडीवर रंग फुटण्याचा त्रासही कमी होईल.